मॉनिटरची लाईट नुसती ब्लिंक होतेय पण स्क्रीन उठत नाही: आधी सेटिंग बघायचं की पॉवर बोर्ड उघडायचा?

हा प्रॉब्लेम घेऊन येणारे लोक साधारण दोन प्रकारचे असतात. पहिले विंडोजच्या स्लीप सेटिंगमधे आठवडाभर घुसून बसतात, ड्रायव्हर तीनदा टाकतात, शेवटी विंडोजच नवीन टाकतात आणि मॉनिटर तसाच डोळे मिचकावत बसलेला असतो, कारण आतला कॅपॅसिटर केव्हाच गेलेला. दुसरे एकदम उलटे, व्हिडिओ बघून थेट मॉनिटर फोडतात, सगळे कॅपॅसिटर बदलतात आणि मग कळतं की मॉनिटर धडधाकट होता, डिस्प्लेपोर्टवर गाढ झोपून परत उठत नव्हता एवढंच. दोघांची चूक एकच, मॉनिटर आणि कॉम्प्युटर वेगळे करून बघायच्या आधीच निदान ठरवून टाकलेलं असतं.

म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा, पहिल्या तीन टप्प्यांना काही उघडावं लागत नाही आणि बहुतेकांचा निकाल तिथेच लागतो.

## तयारी

सेटिंगच्या भागासाठी एक दुसरी सिग्नल केबल (शक्यतो वेगळ्या प्रकारची, म्हणजे डिस्प्लेपोर्ट वापरत असाल तर एचडीएमआय) आणि मोबाईलचा टॉर्च एवढं पुरतं. आतल्या भागाची वेळ आलीच तर डिजिटल मल्टिमीटर, फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, फ्रेमचे क्लिप उघडायला जुनं प्लॅस्टिक कार्ड, स्क्रीन उलटी ठेवायला जाड मऊ कापड, सोल्डरिंग आयर्न, सोल्डर आणि सोल्डर ओढायचा पंप लागेल. शिवाय 5 वॅटचे दोन रेझिस्टर घेऊन ठेवा, एक 2.2 किलोओहम ते 4.7 किलोओहमच्या मधला आणि एक 10 ओहमचा. कशाला ते पुढे येईल. नवीन कॅपॅसिटर आत्ताच आणू नका, आतले बघितल्याशिवाय कुठली व्हॅल्यू लागेल ते कळत नाही.

## टप्पा 1: मॉनिटर एकटा बोलतो का ते बघा

1. मॉनिटरची पॉवर केबल भिंतीतून काढा. सिग्नलच्या सगळ्या केबल काढा, यूएसबीची पण. नुसता कॉम्प्युटर बंद करणं म्हणजे केबल काढणं नव्हे, बंद कॉम्प्युटरमधूनही केबलवाटे थोडा करंट मॉनिटरला मिळू शकतो आणि मग आतलं सर्किट पूर्ण रीसेटच होत नाही.
2. मॉनिटरचं पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चारपाच मिनिटं तसंच सोडा.
3. फक्त पॉवर केबल लावा, ती पण एक्स्टेन्शन बोर्डात नाही, थेट भिंतीतल्या सॉकेटमधे. पॉवर बटण दाबा आणि स्क्रीनकडे बघत राहा. आधीपासूनच चालू वाटत असेल तर बटणाने एकदा बंद करून परत चालू करा, कारण काही मॉनिटर मेसेज फक्त चालू होतानाच दाखवतात.

चांगला मॉनिटर अशा वेळी कंपनीचा लोगो दाखवतो, मग `No Signal` किंवा `Check Signal Cable` असा छोटा बॉक्स येतो आणि काही सेकंदांनी तो स्वतःहून झोपतो. झोपल्यावर लाईट पिवळी होणं किंवा संथ लयीत ब्लिंक होणं हे कित्येक मॉडेलमधे नॉर्मल आहे, तर नुसत्या ब्लिंक होणाऱ्या लाईटला घाबरायचं कारण नाही.

आता निकाल कसा लावायचा ते बघू.

मेसेज व्यवस्थित आला, मेनूचं बटण दाबल्यावर मेनू उघडला, तर मॉनिटर बरा आहे. टप्पा 3 ला जा, स्क्रू ड्रायव्हर आत ठेवून द्या.

काहीच आलं नाही, लोगो नाही, मेसेज नाही, लाईट मात्र तशीच ब्लिंक होतेय, तर दोष मॉनिटरमधे आहे. कॉम्प्युटरची कुठलीही सेटिंग याला जबाबदार असू शकत नाही कारण कॉम्प्युटर जोडलेलाच नाही. हे वाक्य जरा डोक्यात ठेवा, कारण या पायरीनंतरसुद्धा लोक ड्रायव्हर शोधत बसतात.

मेसेज आला पण सेकंद दोन सेकंदांत स्क्रीन काळी झाली, तर अंधाऱ्या खोलीत स्क्रीनवर टॉर्च तिरका धरून मेनू उघडा. पुसट अक्षरं दिसली तर पॅनेल चालू आहे आणि मागचा उजेड गेलाय. तो बॅकलाईटचा वेगळा आजार आहे, पॉवर बोर्डाच्या दुसऱ्या टोकाचा, आणि त्यात लाईट सहसा ब्लिंक होत नाही, चालू रंगातच राहते.

चौथा प्रकार सगळ्यात बोलका. आधी काहीच नाही, लाईट ब्लिंक होत राहते आणि पाच दहा मिनिटांनी अचानक मॉनिटर उठतो, मग दिवसभर छान चालतो. हे कॅपॅसिटरचं अगदी ठरलेलं लक्षण आहे, टप्पा 2 मधे खात्री करून थेट टप्पा 4 घ्या.

तपासा: पॉवर बटण दाबल्यावर लाईट नीट बंद-चालू होतेय का? होत असेल तर मेन बोर्डला जीव आहे. बटणाचा लाईटवर काहीच परिणाम नसेल तर एकतर आतला 5 व्होल्टचा पुरवठा डगमगतोय, किंवा बटणच आतून अडकलंय. अडकलेल्या बटणामुळेही मॉनिटर आपोआप बंद-चालू होत राहतो, म्हणून बटण दाबताना टिक असा स्पष्ट आवाज आणि स्पर्श लागतोय ना ते बघा.

## टप्पा 2: ब्लिंकची लय, कान आणि थोडी उष्णता

झोपलेल्या मॉनिटरचं ब्लिंक घड्याळासारखं एकसारखं असतं. पॉवर सप्लाय आजारी असेल तर ते वेगळं दिसतं, लाईट उजळते आणि लगेच विझते, किंवा अर्धवट उजेडात थरथरते, किंवा सेकंदाला एकदा झटका दिल्यासारखी लागते. कान मागच्या झाकणाजवळ न्या, लाईटच्या तालावर टिक टिक असा बारीक आवाज येत असेल तर पॉवर सप्लाय सुरू व्हायचा प्रयत्न करतोय, भार पेलत नाहीये, स्वतःला बंद करतोय आणि परत प्रयत्न करतोय. रिपेअरवाले याला हिकप म्हणतात. झोपलेला मॉनिटर असा आवाज करत नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, लाईट ब्लिंक होतेय म्हणजे आतला फ्यूज शाबूत आहे, फ्यूज उडाला असता तर लाईट लागलीच नसती. उगाच फ्यूज शोधत बसू नका.

तुमच्या मॉनिटरला बाहेरचा ॲडॉप्टर असेल तर निम्मं काम सोपं झालं. ॲडॉप्टरवर छोटी लाईट असेल तर मॉनिटर जोडल्यावर ती पण ब्लिंक होते का बघा. ॲडॉप्टर काढून एकटा ठेवल्यावर त्याची लाईट स्थिर, आणि जोडल्यावर ब्लिंक, म्हणजे एकतर ॲडॉप्टर भार घेत नाहीये नाहीतर मॉनिटर जास्त करंट ओढतोय. तेवढ्याच व्होल्टेजचा, तेवढ्या किंवा जास्त ॲम्पियरचा आणि त्याच पोलॅरिटीचा दुसरा ॲडॉप्टर लावून बघा, उठला तर विषय संपला. व्होल्टेज "जवळपास तेच" असून चालत नाही, 12 च्या जागी 19 लावलंत तर मॉनिटरला कायमचं झोपवाल.

आत पॉवर सप्लाय असलेल्या मॉनिटरसाठी हेअर ड्रायरची टेस्ट आहे. मॉनिटरची पिन भिंतीतून काढा, मागच्या जाळीतून कमी उष्णतेवर दोन तीन मिनिटं गरम हवा द्या, ड्रायर बाजूला ठेवा, मग पिन लावून चालू करून बघा. म्हातारा झालेला इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर थंड असताना आतून जास्त अडथळा करतो आणि गरम झाल्यावर तात्पुरता बरा वागतो, म्हणून असा मॉनिटर गरम केल्यावर उठला तर संशय जवळपास पक्का. उठला नाही तर मात्र कॅपॅसिटर निर्दोष ठरत नाही, फार बिघडलेला कॅपॅसिटर गरम करूनही सुधारत नाही.

## टप्पा 3: मॉनिटर बरा निघाला, आता झोपेच्या सेटिंग

इथे पहिला प्रश्न मॉनिटरचा नाहीच, कॉम्प्युटर तरी जागा झालाय का हा आहे. कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबा. त्याची लाईट बदलत असेल तर कॉम्प्युटर जागा आहे आणि फक्त चित्र येत नाहीये. बदलत नसेल तर कॉम्प्युटरच झोपेतून उठताना अडकलाय आणि मॉनिटर बिचारा सिग्नलची वाट बघतोय.

कॅप्स लॉक चालत असेल तर विंडोजमधे `Win + Ctrl + Shift + B` दाबा, याने ग्राफिक्स ड्रायव्हर रीसेट होतो. स्क्रीन परत आली तर दोष ड्रायव्हरच्या जागं होण्यात आहे. नाही आली तर मॉनिटरचं पॉवर बटण बंद-चालू करा, मग केबल काढून लावा. केबल काढून लावल्यावरच येत असेल तर तो फार महत्त्वाचा पुरावा आहे, मॉनिटर झोपताना "मी जोडलेला आहे" हा इशारा बंद करतो आणि कॉम्प्युटरला वाटतं मॉनिटर नाहीच, डिस्प्लेपोर्टवर हे जास्त दिसतं.

आता खरी टेस्ट. "स्क्रीन बंद होणं" आणि "कॉम्प्युटर झोपणं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकत्र तपासल्या की काहीच कळत नाही. कमांड प्रॉम्प्टमधे हे द्या:

```
powercfg /change monitor-timeout-ac 1
powercfg /change standby-timeout-ac 0
```

म्हणजे स्क्रीन एका मिनिटाने बंद होईल पण कॉम्प्युटर झोपणार नाही (लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा, या दोन्ही ओळी चार्जरवर चालतानाच्या आहेत). स्क्रीन बंद झाल्यावर अजून पाचेक मिनिटं थांबा, घाई करू नका, कारण काही मॉनिटर आधी हलके झोपतात आणि मग थोड्या वेळाने गाढ झोपेत जातात. मग माऊस हलवा.

लिनक्सवर एक्स११ वापरत असाल तर तेच असं होतं:

```
sleep 2; xset dpms force off
```

निकाल दोन प्रकारे लागतो. या टेस्टमधे सुद्धा मॉनिटर उठला नाही तर मॉनिटरचा स्वतःचा मेनू उघडा (सिग्नल असताना) आणि `Deep Sleep`, `Eco` किंवा तत्सम नावाची सेटिंग बंद करा, `Auto Source` किंवा ऑटो इनपुट बंद करून तुमचं पोर्ट हाताने निवडा. ऑटो इनपुटवाले काही मॉनिटर उठताना एकेक पोर्ट शोधत बसतात, कॉम्प्युटर तेवढ्यात सिग्नल पाठवून थकतो, आणि दोघं एकमेकांची वाट बघत परत झोपतात. मग केबल बदला. डिस्प्लेपोर्टच्या काही स्वस्त केबलमधे पिन 20 दोन्ही टोकांना जोडलेली असते, ती जोडायची नसते, त्या पिनवर 3.3 व्होल्ट असतात आणि केबलमधून एका उपकरणाची वीज दुसऱ्यात शिरते, मग बंद मॉनिटर अर्धवट जागा राहतो. एचडीएमआयवर सगळं नीट चालतंय आणि डिस्प्लेपोर्टवर नाही, तर केबलवर पहिला संशय घ्या.

टेस्टमधे उठला पण कॉम्प्युटर खरोखर स्लीपमधे गेल्यावर उठत नाही तर मॉनिटर आणि केबल दोन्ही सुटले. तिथे ग्राफिक्स ड्रायव्हर, मदरबोर्डचं बायोस आणि पॉवर प्लॅनमधलं `Link State Power Management` (ते `Off` करून बघा) एवढ्या तीन जागा आहेत, एका वेळी एकच बदला. काय काय झोपा उपलब्ध आहेत ते `powercfg /a` ने दिसतं.

लक्षात ठेवा: टेस्ट संपली की वेळा परत पहिल्यासारख्या लावा, नाहीतर दर मिनिटाला काळी होणारी स्क्रीन हा नवीन प्रॉब्लेम घेऊन बसाल. आणि कॉम्प्युटर पूर्ण बंद करून चालू केला तर लोगो दिसतो पण झोपेनंतर काही दिसत नाही, असं असेल तर पॉवर बोर्ड उघडायचा विचार सुद्धा करू नका.

## टप्पा 4: उघडायच्या आधी हे वाचाच

पॉवर बोर्डवर एक जाडजूड कॅपॅसिटर असतो, साधारण 400 किंवा 450 व्होल्टचा. 230 व्होल्टच्या पुरवठ्यावर त्याच्यात 325 व्होल्टच्या आसपास डीसी साठतं (120 व्होल्ट असेल तिथे 170 च्या आसपास) आणि पिन काढल्यावर ते लगेच जाईलच असं नाही. बिघडलेल्या सप्लायमधे तर ते जास्त वेळ टिकतं, कारण ते वापरणारा भागच चालत नसतो.

1. पिन काढून किमान दहा मिनिटं थांबा.
2. उघडल्यावर सगळ्यात आधी मीटर डीसीच्या मोठ्या रेंजवर (600 किंवा 1000) ठेवून त्या जाड कॅपॅसिटरच्या दोन पायांवर मोजा.
3. 10 व्होल्टपेक्षा जास्त असेल तर तो 2.2 ते 4.7 किलोओहमचा रेझिस्टर इन्सुलेटेड पकडीने धरून दोन पायांवर दहा पंधरा सेकंद ठेवा आणि परत मोजा. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करायचा प्रकार करू नका, ठिणगी उडते, ट्रॅक जळतो आणि कॅपॅसिटरही खराब होऊ शकतो.

इशारा: हे वाचून पोटात गोळा येत असेल तर इथेच थांबा आणि मॉनिटर रिपेअरवाल्याकडे द्या. टप्पा 1 आणि 2 चा निकाल त्याला सांगा, त्याचा वेळ वाचतो आणि "मेन बोर्ड गेलाय" असं कोणी सहज सांगितलं तर तुम्हाला दोन प्रश्न विचारता येतात.

उघडताना स्टँड काढा, स्क्रीन कापडावर पालथी ठेवा, मागचे स्क्रू काढा आणि फ्रेमच्या कडेने प्लॅस्टिक कार्ड फिरवत क्लिप सोडवा. झाकण ओढून उचलू नका, बटणांची पातळ केबल आतून जोडलेली असते. पत्र्याचं कव्हर काढण्याआधी आणि नंतर, प्रत्येक कनेक्टरचा फोटो घ्या.

## टप्पा 5: नजरेने तपासणी, आणि नजर कुठे फसते

मॉनिटरमधे सहसा दोन बोर्ड दिसतात. जिथे भिंतीची वीज येते तो पॉवर बोर्ड, जिथे एचडीएमआयसारखी पोर्ट आहेत तो मेन बोर्ड. पॉवर बोर्डच्या जाड कॅपॅसिटरवाल्या बाजूला मोठं व्होल्टेज, ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे छोटं. आपलं गिऱ्हाईक पलीकडच्या बाजूला बसलेलं असतं, 470 किंवा 1000 मायक्रोफॅरडचे, 10, 16 किंवा 25 व्होल्टचे उभे सिलिंडर, त्यांच्यातूनच मेन बोर्डला 5 व्होल्ट आणि अजून एखादं 12 ते 19 च्या मधलं व्होल्टेज जातं.

चांगल्या कॅपॅसिटरचं डोकं सपाट असतं. डोक्यावरच्या खाचेतून थोडं जरी फुगलेलं दिसलं, तिथे तपकिरी कवच जमलं असेल, किंवा खालचं रबर बाहेर येऊन तो तिरका उचलला गेला असेल, तर तो गेला. बोट फिरवलं तर फुगवटा डोळ्यांपेक्षा लवकर कळतो (व्होल्टेज शून्य आहे याची खात्री करूनच).

आता फसवणुकीच्या जागा. बुडाशी पिवळट-तपकिरी थर दिसला की लोक म्हणतात गळला. बऱ्याचदा तो कंपनीने हलू नये म्हणून लावलेला गोंद असतो, जुना होऊन काळपट झालेला. दुसरी, फुगलेला नाही म्हणजे चांगला असं नाही. आणि तिसरी जागा जवळजवळ सगळेच सोडतात, मोठ्या व्होल्टेजच्या बाजूला कंट्रोलर आयसीला लागून एक बारका कॅपॅसिटर असतो, 22 किंवा 47 मायक्रोफॅरड, 50 व्होल्टचा. कंट्रोलर सुरू व्हायला लागणारी वीज तो साठवतो. तो आकाराने एवढा लहान असतो की सुकला तरी फुगत नाही, आणि तो सुकला की सप्लाय नेमका तोच खेळ करतो, सुरू, बंद, सुरू, बंद. पलीकडचे सगळे बदलूनही ब्लिंकिंग तसंच राहिलं तर बहुतेक वेळा हाच राहिलेला असतो.

अजून एक, मल्टिमीटरच्या मायक्रोफॅरड रेंजवर मोजून "940 दाखवतोय, म्हणजे ठीक" असं धरू नका. कॅपॅसिटन्स जवळपास बरोबर आणि आतला रेझिस्टन्स, म्हणजे ईएसआर, भरमसाट वाढलेला असं सर्रास होतं. 1000 मायक्रोफॅरडच्या चांगल्या लो-ईएसआर कॅपॅसिटरचा ईएसआर 0.1 ओहमच्या खालीच असतो, ईएसआर मीटरवर एक दोन ओहम दाखवले तर तो बाद, डोकं कितीही सपाट असो.

## टप्पा 6: 5 व्होल्ट मोजा

दोन बोर्डांमधल्या कनेक्टरवर पिनांची नावं बहुतेक वेळा बोर्डवरच छापलेली असतात, 5व्ही, 12व्ही किंवा तत्सम, जीएनडी, ऑन/ऑफ, डिम. पिन भिंतीतून काढलेली असताना काळा प्रोब क्लिपने छोट्या व्होल्टेजच्या बाजूच्या जीएनडीला अडकवा, मग पिन लावा, एक हात खिशात ठेवा आणि दुसऱ्या हाताने लाल प्रोब फक्त त्या कनेक्टरवर. मोठ्या व्होल्टेजच्या बाजूला प्रोब न्यायची काही गरज नाही, नेऊ नका.

4.75 ते 5.25 च्या मधे आकडा स्थिर उभा असेल तर 5 व्होल्ट ठीक. आकडा लाईटच्या तालावर वर-खाली नाचत असेल तर ब्लिंकिंगचं कारण तुमच्या समोर आहे, मेन बोर्ड प्रत्येक वेळी जागा होतो, व्होल्टेज पडतं आणि तो परत रीसेट होतो.

पण दोष पॉवर बोर्डाचा की मेन बोर्ड शॉर्ट होऊन 5 व्होल्ट खाली ओढतोय? पिन काढा, थांबा, दोन बोर्डांमधला कनेक्टर सोडवा, परत मोजा. एकटा असतानाही नाचत असेल तर पॉवर बोर्ड पक्का दोषी. पण एकटा असताना स्थिर झाला तर लगेच मेन बोर्डाला दोष देऊ नका, इथे सगळ्यात जास्त चांगले मेन बोर्ड कचऱ्यात जातात. कमजोर कॅपॅसिटर भार नसताना 5 व्होल्ट छान दाखवतो. तयारीतला 10 ओहमचा रेझिस्टर इथे कामाला येतो, पिन काढलेली असताना तो 5व्ही आणि जीएनडीच्या मधे जोडा आणि मग चालू करून मोजा. अर्धा ॲम्पियर जातो, अडीच वॅट, रेझिस्टर चटका बसेल इतका गरम होतो म्हणून हात लावू नका. या भारावर व्होल्टेज पडलं तर पॉवर बोर्ड, टिकलं तर मग मेन बोर्डाकडे बघा.

5 व्होल्ट पहिल्यापासूनच, मेन बोर्ड जोडलेला असतानाही स्थिर असतील तर कनेक्टर जोडलेलाच ठेवून पॉवर बटण दाबल्यावर ऑन/ऑफ पिन मोजा. ती वर गेलीच नाही (बहुतेक ठिकाणी 3 व्होल्ट किंवा जास्त होते) तर मेन बोर्ड उठायचं सांगतच नाहीये. वर गेली पण स्क्रीन काळी, तर बॅकलाईटचा भाग.

एक प्रत्यक्ष उदाहरण देतो. ओळखीतल्या एकाचा 22 इंची मॉनिटर, आत पॉवर सप्लाय असलेला, निळी लाईट सेकंदाला एकदा लागायची. त्याची तक्रार होती "विंडोज अपडेटनंतर स्लीपमधून उठत नाही". सिग्नल केबल काढली, मेसेज नाही, ब्लिंकिंग तसंच, म्हणजे अपडेट सुटलं. ड्रायर दिल्यावर चौथ्या पाचव्या मिचकावणीला लोगो आला. आत 5 व्होल्टच्या जागी आकडा 3.1 ते 4.6 मधे नाचत होता, कनेक्टर काढल्यावर 5.0 वर स्थिर, म्हणून तो लगेच म्हणाला मेन बोर्ड गेला. 10 ओहम लावल्यावर परत 3.4 वर आला. 5 व्होल्टच्या लाईनवर 1000 मायक्रोफॅरड 10 व्होल्टचे दोन कॅपॅसिटर होते, एक किंचित फुगलेला आणि दुसरा दिसायला अगदी नवा. ईएसआर दोघांचाही वाईट, आणि नव्या दिसणाऱ्याचा जास्त. दोन्ही आणि शेजारचा 470 चा बदलल्यावर भारासकट 5.1.

## टप्पा 7: कॅपॅसिटर बदलताना

व्हॅल्यू तीच घ्या, व्होल्टेज तेच किंवा एक पायरी वर (10 च्या जागी 16 चालतो, 16 च्या जागी 10 अजिबात नाही), 105 अंशांचा आणि पाकिटावर लो-ईएसआर किंवा लो-इम्पीडन्स लिहिलेला. साधा 85 अंशांचा जनरल कॅपॅसिटर टाकला तर मॉनिटर चालू होईल आणि काही महिन्यांत परत हेच करत बसाल. व्यास आणि उंची मोजून घ्या, वर पत्र्याचं कव्हर बसायचंय.

1. जुना काढायच्या आधी त्याच्या पट्टीची दिशा फोटोत आणि मार्करने बोर्डवर नोंदवा. पट्टीची बाजू निगेटिव्ह. बोर्डवर छापलेल्या अर्धवर्तुळावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, ते निगेटिव्ह दाखवतं की पॉझिटिव्ह हे सगळीकडे सारखं नसतं, जुना कसा बसला होता तेच खरं.
2. दोन्ही पायांवर थोडं ताजं सोल्डर घाला, जुनं त्याने लवकर वितळतं. आळीपाळीने एकेक पाय गरम करत कॅपॅसिटर हलवत काढा. जोर लावून ओढलात तर खालचं तांबं उचकटतं आणि मग तारेने जोड देत बसावं लागतं.
3. भोकं पंपाने मोकळी करा, नवीन बसवा, सोल्डर करा, पाय कापा.
4. छोट्या व्होल्टेजच्या बाजूचे सगळे आणि तो कंट्रोलरजवळचा बारका एकाच वेळी बदला. एकाच वयाचे, एकाच उष्णतेत भाजलेले असतात, एक गेला की बाकीचे रांगेत असतात.

जाड 400-450 वाला मात्र फुगला नसेल तर तसाच राहू द्या, तो क्वचित जातो.

तपासा: पिन लावण्याआधी प्रत्येक नवीन कॅपॅसिटरची पट्टी फोटोशी ताडून बघा, आणि 5व्ही ते जीएनडी मीटरवर सलग बीप येत नाही ना ते पण. उलटा बसलेला कॅपॅसिटर चालू करताच फुटू शकतो, म्हणून पहिल्यांदा चालू करताना तोंड बोर्डावर वाकवून उभं राहू नका.

जळका वास, काळा पडलेला आयसी, तडकलेला ट्रान्सफॉर्मर असं काही दिसलं तर कॅपॅसिटर बदलून उपयोग नाही, अख्खा पॉवर बोर्ड बदला. तो मागवताना मॉनिटरच्या मॉडेलवरून मागवू नका, बोर्डवर छापलेला नंबर जुळवा, कारण एकाच मॉडेलमधे वेगवेगळ्या लॉटला वेगळे बोर्ड बसवलेले असतात आणि कनेक्टर सारखा दिसला तरी पिनांचा क्रम वेगळा असू शकतो.

## टप्पा 8: बंद करण्याआधीची परीक्षा

कव्हर लावा (पत्र्याचं नक्की लावा, ते अर्थिंगचं काम करतं), पण क्लिप आणि सगळे स्क्रू अजून घट्ट करू नका. सिग्नल केबल न लावता टप्पा 1 परत करा, `No Signal` आला पाहिजे. मग कॉम्प्युटर जोडून तासभर चालवा आणि टप्पा 3 मधली एका मिनिटाची टेस्ट एकदा करा.

इतकं होऊनही लगेच जिंकलो म्हणू नका, कारण तुम्ही आत्ताच गरम केलेल्या बोर्डवर टेस्ट केलीय आणि आजारी कॅपॅसिटरही गरम असताना उठतो. पिन काढून रात्रभर ठेवा, सकाळी थंड मॉनिटर पहिल्याच बटणाला उठला तर स्क्रू आवळा. सकाळी परत मिचकावायला लागला आणि 10 ओहमच्या भारावर 5 व्होल्ट मात्र स्थिर असतील, तर मेन बोर्डवर 5 चे 3.3 आणि त्याहून कमी करणारे रेग्युलेटर असतात, त्यांच्या शेजारचे एक दोन छोटे कॅपॅसिटर ही पुढची जागा.